स्पॅनिश मॅन्युअलचा मराठी अनुवाद करताना शब्दसूची आणि शैलीपत्रक कसे तयार करावे

बेळगावच्या उद्यमबागेतील एका ओतकाम कारखान्यात स्पेनहून मोल्डिंगचे यंत्र आले आणि त्याच्याबरोबर सुमारे साडेचारशे पानांचे स्पॅनिश मॅन्युअल आले. यंत्रावर काम करणारी माणसे मच्छे, पिरनवाडी, खानापूर या बाजूची होती. बहुतेकांना मराठी वाचण्याची सवय होती, काहींना कन्नडची. मॅन्युअलचा मराठी अनुवाद आम्हा तिघांकडे आला आणि आम्ही प्रकरणे वाटून घेऊन लगेच कामाला लागलो. साठ-सत्तर पाने झाल्यावर ती सुपरवायझरांना दाखवली, तेव्हा त्यांनी एकाच वाक्यावर बोट ठेवून विचारले, ‘‘इथं साचा बसवा म्हणलंय, तो वाळूचा की धातूचा?’’ आमच्याकडे उत्तर नव्हते, कारण एका प्रकरणात साचा म्हणजे वाळूचा होता आणि दुसऱ्यात धातूचा. ती सगळी पाने पुन्हा करावी लागली. हा लेख त्या दुसऱ्या फेरीत बसवलेल्या पद्धतीचा आहे, आणि मोठ्या स्पॅनिश कामाला प्रथमच हात घालणाऱ्या अनुवादकांसाठी तो लिहिला आहे.

पहिली पायरी: कोणते शब्द सूचीत घ्यायचे

अनुवाद सुरू करण्यापूर्वी संपूर्ण मॅन्युअल एकदा वाचावे, पण ते अनुवादकाच्या नजरेने नव्हे, तर शब्द वेचणाऱ्याच्या नजरेने. सगळ्यात आधी सुट्या भागांची यादी, आकृत्यांवरची नावे, यंत्राच्या पडद्यावरची बटणे आणि धोक्याच्या सूचना पाहाव्यात, कारण मजकुरात वारंवार येणारे शब्द तेथे एकत्र सापडतात. त्यानंतर प्रकरणांची शीर्षके पाहावीत. आमच्या साडेचारशे पानांतून सुमारे दोनशे शब्द निघाले आणि तेवढे पुरले. नवखा अनुवादक उत्साहाने हजार शब्दांची सूची करतो, पण ती कोणी उघडून पाहत नाही, आणि ‘पाणी’, ‘दरवाजा’ अशा शब्दांमध्ये खरे अडचणीचे शब्द हरवून जातात.

एखादा शब्द सूचीत घ्यावा की नाही, हे ठरवण्यासाठी मी तीन प्रश्न विचारतो. त्याला मराठीत दोन तरी पर्याय संभवतात का, तो चुकला तर यंत्र किंवा माणूस अडचणीत येईल का, आणि रोजच्या स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ वेगळा आहे का? एकाही प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर शब्द सूचीत जातो. तिसऱ्या प्रश्नाचे उदाहरण म्हणजे ‘कुचारा’. घरात तो चमचा असतो आणि ओतशाळेत वितळलेले लोखंड वाहून नेणारी लेडल असते. ‘ल्यावे’ हा शब्द तर चावी, पाना आणि पाण्याच्या किंवा हवेच्या नळीवरचा कॉक या तिन्हींसाठी येतो, त्यामुळे त्याला सूचीत तीन स्वतंत्र नोंदी द्याव्या लागल्या.

दुसरी पायरी: आधी वस्तू, मग शब्द

आमची मूळ चूक अशी होती की आम्ही स्पॅनिश शब्दासमोर मराठी शब्द ठेवत होतो, त्या दोघांमधली वस्तू पाहत नव्हतो. स्पॅनिशमध्ये ‘मोदेलो’ आणि ‘मोल्दे’ हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘मोदेलो’ म्हणजे हव्या त्या भागाच्या आकाराची, लाकडाची किंवा धातूची बनवलेली वस्तू. ती वाळूत दाबून काढून घेतली, की वाळूत तिच्या आकाराची पोकळी राहते. ही पोकळी असलेला वाळूचा ठोकळा म्हणजे ‘मोल्दे’. मोदेलो हजारो वेळा वापरला जातो, तर मोल्दे एका ओतण्यापुरता असतो आणि लोखंड थंड झाल्यावर फोडला जातो. आपण मराठीत या दोन्हींना सहज साचा म्हणतो, कारण गणपतीच्या मूर्तीचा, मोदकाचा किंवा विटांचा साचा म्हणताना हा फरक करण्याची गरज पडत नाही. ओतशाळेत मात्र ती पडते. यंत्रात मोदेलो चढवायचा असतो, आणि यंत्रातून मोल्दे बाहेर येतो.

कामगारांकडे शब्द मागताना प्रश्न कसा विचारावा, हेही आम्हाला शिकावे लागले. ‘‘मोल्डला मराठीत काय म्हणतात?’’ असे विचारले, की समोरची व्यक्ती संकोचते आणि आपल्याला आवडेल असा पुस्तकी शब्द शोधू लागते. त्याऐवजी वस्तूकडे बोट दाखवून ‘‘हे आणायला सांगायचं असेल तर तुम्ही काय म्हणता?’’ असे विचारावे. आम्ही एका पाळीत पाच जणांना वेगवेगळे विचारले. वाळूच्या ठोकळ्याला पाचही जण मोल्ड म्हणाले आणि धातूच्या नमुन्याला पॅटर्न. साचा हा शब्द त्यांच्यापैकी कोणीही आपण होऊन वापरला नाही. त्यामुळे आमच्या सूचीत मोल्ड आणि पॅटर्न आले, आणि ‘साचा’ या शब्दावर पूर्ण बंदी आली. बंदी घातलेला शब्द नोंदीत लिहून ठेवणे फार उपयोगाचे असते, कारण मान्य शब्द विसरला तरी चालतो, पण जुनी सवय हाताला हळूच येते.

महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश येथे कोणत्या उपयोगाचे, असा प्रश्न साहजिकच येतो. ते इंग्रजीवरून मराठीत नेतात, त्यामुळे स्पॅनिश शब्दाचा इंग्रजी पर्याय आधी नक्की करावा लागतो. त्यासाठी युरोपीय संघाचा IATE हा शब्दसंग्रह चांगला आहे, कारण त्यात स्पॅनिश आणि इंग्रजी शेजारी दिसतात आणि विषयक्षेत्रही दिलेले असते. कोशातला शब्द मी नेहमी पाहतो, पण अंतिम निर्णय वाचणाऱ्याच्या जिभेवर सोपवतो. माझे मत असे आहे की यंत्राच्या मॅन्युअलमध्ये शुद्ध पण अनोळखी शब्द घालणे म्हणजे वाचणाऱ्याला पुन्हा परक्या भाषेत ढकलणे होय. शाळेच्या पुस्तकासाठी हाच निर्णय मी कदाचित उलट दिला असता.

काही वेळा उलटेही घडते, म्हणजे एका स्पॅनिश शब्दाला मराठीत दोन शब्द लागतात. ‘कोलादा’ हा त्यातला सर्वांत त्रासदायक शब्द. तो ओतण्याच्या क्रियेसाठी येतो, आणि भट्टीतून एका वेळी काढलेल्या धातूच्या घाण्यासाठीही येतो, ज्याला आपल्याकडे हीट म्हणतात. ‘नूमेरो दे कोलादा’ म्हणजे हीट नंबर, जो प्रत्येक कास्टिंगच्या नोंदीत लिहिला जातो. आमच्यापैकी एकाने त्याचे ‘ओतण्याचा क्रमांक’ केले होते, आणि वाचणाऱ्याला तो दिवसातली कितवी ओतणी, असा वाटला. अशा शब्दासाठी सूचीत एकच ओळ ठेवू नये. सलग येणारा शब्दसमूहच नोंद म्हणून घ्यावा.

तिसरी पायरी: एका नोंदीत काय काय असावे

आम्ही ओमेगाटी हे मोफत अनुवाद-सॉफ्टवेअर वापरतो. त्याच्या प्रत्येक प्रकल्पात `glossary` नावाचा फोल्डर असतो. त्यात युटीएफ-८ मध्ये जतन केलेली साधी मजकूर-फाइल ठेवली, की वाक्य उघडताच त्यातले सूचीतले शब्द बाजूला दिसू लागतात. एका ओळीत तीन रकाने असतात आणि त्यांच्यामध्ये टॅब असतो: मूळ शब्द, अनुवाद, टिप्पणी. आमच्या फाइलमधल्या काही ओळी अशा होत्या:

```
modelo	पॅटर्न	पु.; धातूचा, कायमचा; "साचा" नको
molde	मोल्ड	पु.; वाळूचा, एका ओतण्यापुरता; "साचा" नको
macho	कोअर	पु.; आतली पोकळी राखणारा
corazón	कोअर	मेक्सिकोतील शब्द; macho पाहा
número de colada	हीट नंबर	पु.; "ओतण्याचा क्रमांक" नको
cuchara	लेडल	स्त्री.; "चमचा" नको
```

टिप्पणीच्या रकान्यातले ‘पु.’ आणि ‘स्त्री.’ इतर भाषांच्या सूच्यांमध्ये पुष्कळदा नसते, पण मराठी सूचीला त्याच्यावाचून चालत नाही. इंग्रजीतून आलेल्या शब्दांचे लिंग बोलण्यात माणसागणिक बदलते. आमच्यातला एक जण ‘कोअर बसवला’ लिहीत होता, दुसरी ‘कोअर बसवली’. शब्द एकच राहूनही क्रियापदामुळे वाचणाऱ्याला दोन वस्तूंचा भास होत होता. लिंग ठरवले, की क्रियापद आणि विशेषण आपोआप मार्गावर येतात. त्याचबरोबर प्रत्यय लागताना शब्दाचे रूप कसे होईल, हेही एकदाच ठरवावे. ‘व्हॉल्व्हचा’ की ‘व्हॉल्व्हाचा’ यावर आम्ही पहिला पर्याय घेतला, कारण मूळ शब्द जसाच्या तसा दिसला तर आकृतीवरच्या नावाशी तो चटकन जुळतो.

‘कोरासोन’साठी वेगळी ओळ का, हेही सांगतो. स्पेनमध्ये कोअरला ‘माचो’ म्हणतात, मेक्सिकोत ‘कोरासोन’ म्हणजे अक्षरशः हृदय, आणि आर्जेन्टिनात ‘नोयो’. मॅन्युअल स्पेनचे असले, तरी त्याच्या मागे जोडलेले एखाद्या उपकरणाचे परिशिष्ट मेक्सिकोचे असू शकते. एकाच वस्तूचे तिन्ही शब्द तीन ओळींवर लिहून सर्वांना एकच मराठी शब्द दिला, तर सॉफ्टवेअर प्रत्येक ठिकाणी सावध करते. म्हणून मॅन्युअल हातात आले, की ते कोणत्या देशात लिहिले गेले, हे पहिल्या पानावरच नोंदवून ठेवावे.

चौथी पायरी: शैलीपत्रक

शब्दसूची शब्दांसाठी असते आणि शैलीपत्रक वाक्यांसाठी. आमचे शैलीपत्रक तीन पानांचे होते. त्यातला क्रियापदांचा भाग सर्वांत महत्त्वाचा होता, आणि त्यावर आमचा सर्वाधिक वेळ गेला.

स्पॅनिश मॅन्युअल एकच सूचना तीन तऱ्हांनी देते. कधी नुसते मूळ क्रियापद येते, म्हणजे ‘बंद करणे’ अशा रूपात. कधी आदरार्थी आज्ञा येते. कधी ‘से’ लावलेली रचना येते, आणि खरी अडचण या ‘से’मुळेच होते. ‘ला कोम्प्वेर्ता से सिएर्रा’ या वाक्याचा अर्थ झडप आपोआप बंद होते, असाही होतो, आणि झडप बंद केली जाते, म्हणजे ती कोणीतरी बंद करायची असते, असाही होतो. अनुवादकाने सवयीने ‘झडप बंद केली जाते’ असे लिहिले, तर मराठी वाचकालाही कोण करणार ते कळत नाही. ओतशाळेत एखादी झडप यंत्र स्वतः बंद करील, या समजुतीने माणूस थांबून राहिला, तर अपघात होऊ शकतो. म्हणून आमचा नियम असा होता: माणसाने करायचे असेल तेथे ‘बंद करा’, यंत्र स्वतः करीत असेल तेथे ‘बंद होते’, आणि ‘केली जाते’ ही रचना सूचनांमध्ये कोठेही नको. कोण करणार, हे मजकुरावरून आणि आकृतीवरून ठरत नसेल, तर अंदाज न करता ते वाक्य शंकांच्या वहीत लिहायचे आणि यंत्र बसवायला आलेल्या तंत्रज्ञाला विचारायचे. आमच्या वहीत अशी एकोणीस वाक्ये जमली, आणि त्यांपैकी सात ठिकाणी माझा पहिला अंदाज चुकला होता.

‘करा’ आणि ‘करावे’ यांच्यातही आम्ही फरक ठेवला. आपल्या कार्यालयीन मराठीत ‘करावे’ हुकमासाठीही चालते, पण कामगार त्याला सल्ला समजतात, असे विचारल्यावर कळले. म्हणून सक्तीच्या कृतीसाठी ‘करा’, स्पॅनिशमध्ये ‘शिफारस आहे’ असे असेल तेथेच ‘करावे’, मुभा असेल तेथे ‘करता येते’, आणि ज्याला अपवाद नाही तेथे ‘केलेच पाहिजे’. ही चार रूपे एका चिठ्ठीवर लिहून प्रत्येकाने टेबलावर लावली होती.

दुसरा भाग आकड्यांचा. स्पेनमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, आणि हजारांच्या गटासाठी अनेक मॅन्युअलांत टिंब. मेक्सिकोत मात्र दशांशासाठी टिंब, आपल्यासारखेच. `9,5 Nm` म्हणजे साडेनऊ न्यूटन-मीटर. त्यातला स्वल्पविराम गळून पंचाण्णव झाले, तर एम-६चा बोल्ट आवळतानाच तुटेल. मॅन्युअलची पद्धत ओळखण्यासाठी, ज्याचे मूल्य आपल्याला आधीच माहीत आहे असा एखादा आकडा शोधावा. आम्ही बिडाचे ओतण्याचे तापमान शोधले. ते साधारण चौदाशे अंश सेल्सिअसच्या आसपास असते, हे ओतशाळेत सर्वांना ठाऊक असते. मॅन्युअलमध्ये ते `1.400 °C` असे होते, म्हणजे टिंब हजारांचे, हे नक्की झाले. त्यानंतर सर्व आकडे आपल्या पद्धतीने लिहायचे, पण पडद्यावर दिसणारा आकडा जसा दिसतो तसाच ठेवायचा, असे ठरले.

पडद्यावरच्या आणि बटणांवरच्या नावांचाही नियम तसाच होता. `MARCHA` आणि `PARO` हे शब्द यंत्रावर स्पॅनिशमध्येच राहणार होते, म्हणून मजकुरात मूळ शब्द तसाच ठेवून त्यापुढे पहिल्या वेळी ‘चालू’ आणि ‘बंद’ लिहिले. नुसते ‘बंद’ लिहिले असते, तर वाचणारा ते बटण शोधत बसला असता.

धोक्याच्या सूचनांचे शब्द मूळ मॅन्युअलमध्ये पायरीने चढतात. `PELIGRO` म्हणजे टाळले नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होईलच. `ADVERTENCIA` म्हणजे तसे होऊ शकते. `ATENCIÓN` म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. आम्ही त्यांना अनुक्रमे ‘धोका’, ‘इशारा’ आणि ‘खबरदारी’ दिले, आणि हे तीन शब्द इतर कोणत्याही वाक्यात वापरायचे नाहीत, असे ठरवले. सीमाभागात येथे आणखी एक गोष्ट पाहावी लागते. कारखान्याच्या भिंतीवर कन्नड फलकही असतात, आणि त्यांवर धोक्यासाठी ‘अपाय’ हा शब्द असतो. मराठीत अपाय म्हणजे इजा, नुकसान. दोन्ही भाषा वाचणाऱ्या माणसाचा गोंधळ होऊ नये, म्हणून आम्ही मराठी मजकुरातून ‘अपाय’ हा शब्द काढून टाकला आणि सगळीकडे ‘इजा’ लिहिले.

शुद्धलेखनाबद्दल थोडक्यात सांगतो: एका शब्दाचे एकच रूप ठरवावे, आणि ते सूचीतूनच उचलून चिकटवावे.

पाचवी पायरी: निर्णय बदलताना

काम चालू असताना काही निर्णय चुकीचे ठरतात. आम्ही गार झालेला मोल्ड फोडण्याच्या क्रियेला ‘शेकआउट’ म्हटले होते. दोनशे पानांनंतर कळले की त्या कारखान्यात सगळे ‘नॉकआउट’ म्हणतात. अशा वेळी प्रत्येकाने आपापल्या फाइलमध्ये बदल करू नये. सूची एकाच व्यक्तीच्या ताब्यात असावी. तिने जुना शब्द, नवा शब्द, तारीख आणि कारण लिहावे, आणि जुना शब्द कोणत्या प्रकरणांत दुरुस्त झाला, त्यापुढे खूण करावी. इतरांनी शंका फक्त वहीत लिहावी. आम्ही दर शनिवारी संध्याकाळी अर्धा तास ती वही उघडत होतो, आणि नवी सूची सोमवारपासूनच लागू होत होती, त्यामुळे आठवड्याच्या मध्ये कोणाचीही गफलत झाली नाही.

सहावी पायरी: तपासणी

शेवटी बंदी घातलेले शब्द शोधावेत. येथे मराठी प्रत्ययांमुळे साधा शोध फसतो. ‘साचा’ शोधले, तर ‘साच्यात’ आणि ‘साचे’ सुटतात. नुसते ‘साच’ शोधले, तर ‘पाणी साचले’ येते, आणि ‘तासाच्या आत’ यासारखे शब्दही येतात. ओमेगाटीमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनचा पर्याय निवडून आम्ही हे लिहिले:

```
(^|\s)साच(ा|े|्या)
```

सुरुवातीच्या कंसामुळे शब्द ओळीच्या आरंभी किंवा मोकळ्या जागेनंतरच सापडतो, म्हणून ‘तासाच्या’ गळतो. ‘साचेल’ तरीही येते, ते डोळ्यांनी वगळावे. कंसात किंवा अवतरणचिन्हात आलेला शब्द मात्र यात सापडत नाही, त्यासाठी वेगळा शोध घ्यावा.

दुसरा अडथळा डोळ्यांना दिसतच नाही. ‘करणाऱ्या’मधला ‘ऱ्या’ काही कीबोर्ड ऱ या स्वतंत्र अक्षराने लिहितात, तर काही साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. ‘ॲल्युमिनियम’मधला ‘ॲ’ही एका अक्षराने किंवा अ वर चंद्र देऊन, असा दोन प्रकारे येतो. कागदावर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला ते वेगळे असतात, आणि सूचीतला शब्द मजकुरात सापडत नाही. तिघांचे कीबोर्ड वेगळे असल्याने आम्हाला हे फार उशिरा कळले. एखादा शब्द डोळ्यांसमोर असूनही शोधात येत नसेल, तर हेच कारण समजावे, आणि एक रूप ठरवून दुसरे सर्व फाइलींत बदलून घ्यावे.

आमची सूची पुढे याच मॅन्युअलच्या कन्नड अनुवादासाठी दिली गेली. कन्नडमध्ये ‘अच्चु’ हा शब्द मराठीतल्या साच्यासारखाच पसरट आहे, आणि तो पॅटर्नलाही लागू शकतो, मोल्डलाही. पण टिप्पणीच्या रकान्यात ‘धातूचा, कायमचा’ आणि ‘वाळूचा, एका ओतण्यापुरता’ असे लिहिलेले होते. कन्नड अनुवादिकेने ते वाचून ‘अच्चु’ बाजूला ठेवला, आणि कन्नड लिपीत ‘मोल्ड’ व ‘पॅटर्न’ या दोन नोंदी पहिल्याच दिवशी केल्या.